सोसायटीचा मेल गेला की फोन सुरू होतात? एकाच रकमेला तीन नावं पडलीत का, ते आधी बघा

गृहनिर्माण सोसायटीत पैशांच्या विषयाचा मेल सभासदांना गेला की पुढचे दोन-तीन दिवस सेक्रेटरीच्या फोनला उसंत नसते. प्रश्न ठरलेले असतात. "हे वेगळं भरायचं की बिलातच आलंय?" "वर म्हटलंय ते आणि खाली म्हटलंय ते एकच का?" "मला लागू आहे का हे?" दर वेळी समिती वैतागते, लोक मेल नीट वाचत नाहीत म्हणते आणि पुढच्या मेलमध्ये 'कृपया काळजीपूर्वक वाचावे' ही ओळ ठळक अक्षरांत टाकते. फोन तेवढेच येतात.

असे बरेच मेल मी तपासून दिले आहेत आणि माझं मत ठाम आहे: हे फोन करणारे लोक मेल काळजीपूर्वकच वाचतात. ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत त्याला नाव बदललं की रक्कम बदलली असं वाटतं, आणि तसं वाटणं रास्त आहे. बिलावर प्रत्येक नावापुढे वेगळा आकडा असतो, त्यामुळे मेलमध्येही तसंच असणार असं तो धरून चालतो. दोष मेलमध्ये असतो आणि तो शोधता येतो.

खालचा मेल उदाहरणासाठी रचलेला आहे, पण त्यातली एकही चूक काल्पनिक नाही. इमारतीत 32 सदनिका, खाली रस्त्याच्या बाजूला 8 दुकानं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी पैसे गोळा करायचे आहेत.

> विषय: मेंटेनन्सबाबत महत्त्वाचे
>
> सर्व सदस्यांना नमस्कार. वार्षिक सभेत ठरल्याप्रमाणे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम फेब्रुवारीत सुरू होत आहे. एकूण खर्च 7,20,000 रुपये असून त्यातील 2,40,000 रुपये राखीव फंडातून घेतले जातील. उरलेल्या खर्चासाठी प्रत्येक गाळाधारकाने 12,000 रुपये विशेष वर्गणी द्यायची आहे. दुरुस्ती निधी तीन हप्त्यांत भरता येईल. पहिला हप्ता डिसेंबरच्या मेंटेनन्सबरोबर भरावा. कॉन्ट्रिब्युशन वेळेत न आल्यास ठेकेदाराला ॲडव्हान्स देता येणार नाही. थकीत शुल्कावर नेहमीप्रमाणे व्याज लागेल. रहिवाशांनी सदर रकमेची पावती ऑफिसमधून घ्यावी.

वरवर पाहता मेल ठीक आहे. व्याकरण शुद्ध आहे, आकडेही जुळतात: 7,20,000 मधून 2,40,000 गेले की 4,80,000 उरतात, ते 40 जणांत वाटले की 12,000. तरीही या मेलला काय उत्तरं येतात ते पाहा.

तिसऱ्या मजल्यावरचे एक काका लिहितात, "माझ्या बिलात दर महिन्याला 750 रुपये दुरुस्ती निधी जातो, एकही महिना चुकलेला नाही. म्हणजे मला हे लागू नाही ना?" दुसरा सभासद विचारतो, "12,000 वर्गणी आणि शिवाय दुरुस्ती निधी तीन हप्त्यांत? मिळून किती?" एक ताई निर्धास्तपणे गप्प बसतात, कारण त्यांच्या दृष्टीने गाळेवाले म्हणजे खालचे दुकानदार. परदेशात राहणारा एक सभासद उत्तर देत नाही, थेट 12,000 रुपये पाठवतो आणि शेऱ्यात मेलच्या विषयातलाच शब्द लिहितो: मेंटेनन्स. हिशेबनीस ते पैसे त्याच्या पुढच्या महिन्यांच्या बिलांत आगाऊ म्हणून जमा करतो. मार्चमध्ये त्याच सभासदाचं नाव थकबाकीदारांच्या यादीत येतं, आणि मग जो पत्रव्यवहार सुरू होतो तो वाचवत नाही.

आधी वस्तू मोजा, मग शब्द

असा मेल दुरुस्त करायला बसल्यावर बहुतेक जण शब्द बदलायला घेतात. 'कॉन्ट्रिब्युशन' काढून 'वर्गणी' घालतात आणि काम झालं असं समजतात. त्याने थोडं भागतं, सगळं नाही. मेल बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर लिहायचं की या मेलमध्ये प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शब्द किती ते नंतर बघू.

आपल्या मेलमध्ये पैशांच्या गोष्टी चारच आहेत. ठेकेदाराला द्यायचे एकूण 7,20,000. सोसायटीकडे बिलांमधून साठलेल्या निधीतले 2,40,000. प्रत्येकाने नव्याने द्यायचे 12,000. आणि दर महिन्याचं नेहमीचं बिल. 12,000 चे तीन भाग म्हणजे 4,000 चा हप्ता. तो वेगळा धरला तर पाच. माणसांच्या बाबतीत एकच गोष्ट आहे: ज्यांनी पैसे द्यायचे ते 40 जण.

आता प्रत्येक गोष्टीपुढे मेलमध्ये तिच्यासाठी वापरलेले सगळे शब्द लिहा. 12,000 पुढे येतात विशेष वर्गणी, दुरुस्ती निधी, कॉन्ट्रिब्युशन, शुल्क आणि सदर रक्कम. एका रकमेला पाच नावं. पैसे देणाऱ्यांपुढे येतात सदस्य, गाळाधारक, रहिवासी. मासिक बिलापुढे मेंटेनन्स, आणि गंमत म्हणजे मेलचा विषयही मेंटेनन्स, जरी मेल मेंटेनन्सचा नाहीच.

एवढ्यावर थांबू नका. कागद उलटा करून प्रत्येक शब्दापुढे वाचक त्याचा काय अर्थ घेईल ते लिहा. खरी गाठ इथे सापडते. 'दुरुस्ती निधी' या नावाची ओळ प्रत्येकाच्या बिलात आधीपासून आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के दराने घेतात आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के दराने. बांधकाम खर्च 12 लाख धरला तर वर्षाला 9,000 आणि 3,000, म्हणजे महिन्याला 750 आणि 250. काकांनी सांगितलेले 750 हेच. मेलने नव्या 12,000 रुपयांना हे आधीच दुसऱ्या रकमेचं असलेलं नाव दिलं. काकांचं काहीच चुकलेलं नाही.

दुसरीकडे ज्या निधीतून खरोखर 2,40,000 काढायचे आहेत तो हाच दुरुस्ती निधी, आणि त्याला मेल म्हणतो 'राखीव फंड'. राखीव निधी हा सहकार कायद्याच्या कलम 66 खाली नफ्यातून बाजूला काढायचा वेगळाच निधी आहे. लेखापरीक्षकाने हा मेल पाहिला तर त्याचा पहिला प्रश्न हाच असेल.

म्हणून मी नेहमी सांगतो की एका गोष्टीला तीन नावं हा अर्धाच आजार आहे. ती जादाची नावं कुठून तरी आलेली असतात, आणि बहुतेक वेळा ती शेजारच्या गोष्टीची असतात. नुसती तीन नावं असतील तर वाचक गोंधळतो आणि फोन करतो. त्यातलं एक नाव दुसऱ्याच रकमेचं असेल तर वाचक गोंधळत नाही, ठामपणे चुकीचं समजतो आणि फोनही करत नाही. मेलनंतर फोन कमी आले म्हणून समाधान मानणाऱ्या समितीने वसुली किती झाली तेही बघावं.

ही नावं येतात कुठून

कारण कळलं तर पुढच्या वेळी सावध राहता येतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. पहिलं कारण शाळेतलं. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारत, आणि आपण एकाच वाक्यसमूहात सूर्य, रवी, भास्कर लिहायला शिकलो. ललित लेखनात ते शोभतं. पैशांच्या मेलमध्ये वर्गणीला प्रत्येक ओळीत वर्गणीच म्हणायचं असतं. कानाला खटकलं तरी चालेल, कारण हा मेल मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी नसतो.

दुसरं कारण जास्त घातक आहे: मेल तुकडे जोडून तयार होतो. 'विशेष वर्गणी' सभेच्या ठरावातून येते, 'गाळाधारक' दहा वर्षांपूर्वीच्या नोटिशीतून, 'कॉन्ट्रिब्युशन' खजिनदाराच्या व्हॉट्सॲप संदेशातून, आणि 'थकीत शुल्कावर नेहमीप्रमाणे व्याज' हे वाक्य मागच्या वर्षीच्या मेलमधून जसंच्या तसं चिकटवलेलं असतं. प्रत्येक तुकडा आपल्या जागी बरोबर होता. मेल लिहिणाऱ्याच्या डोक्यात अर्थ एकच असल्यामुळे त्याला सांधे दिसत नाहीत. चिकटवलेलं वाक्य नेमकं हुडकायचं तर 'नेहमीप्रमाणे', 'सदर', 'उपरोक्त' असे शब्द बघा. ते बहुधा जुन्या कागदावरून उचललेले असतात, आणि त्यांच्या आजूबाजूला परकं नाव सापडतंच.

तिसरं कारण म्हणजे बोलण्यातला शब्द आणि कागदावरचा शब्द वेगळे असणं. बोलताना सगळं बिल म्हणजे मेंटेनन्स. कागदावर मात्र बिलात मालमत्ता कर, पाणीपट्टी, सेवाशुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पार्किंग असं सगळं असतं, आणि यांतल्या फक्त सेवाशुल्कालाही कित्येक जण मेंटेनन्स म्हणतात. याने नुकसान कसं होतं ते बघा. सदनिका भाड्याने दिली तर बिनभोगवटा शुल्क लागतं, आणि ते 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशापासून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. समजा बिल 4,200 रुपयांचं आहे आणि त्यात सेवाशुल्क 1,900. तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त 190 रुपये. मेलमध्ये 'मेंटेनन्सच्या 10 टक्के' लिहिलं की हिशेबनीस सरळ 420 लावतो. महिन्याला 230 रुपये जास्त, आणि सभासदाने उपनिबंधकांकडे तक्रार केली तर समितीच्या हातात सांगण्यासारखं काही नसतं.

कोणतं नाव ठेवायचं

यावर समितीत वाद घालत बसू नये. वाचकाच्या हातात जो कागद आहे त्यावरचं नाव ठेवायचं. मासिक रकमेसाठी ते नाव बिलावर छापलेलं आहे. तिथे 'मासिक बिल' असेल तर मेलमध्येही मासिक बिल. एखाद्या ओळीबद्दल बोलायचं असेल तर बिलावर त्या ओळीचं जे नाव आहे तेच, मग ते आवडो न आवडो. निधीसाठी ताळेबंदातलं नाव. मेंटेनन्स हा शब्द पैशांच्या मेलमधून सरसकट काढून टाकावा, कारण त्याचे दोन अर्थ इतके रुळले आहेत की कोणताही एक पक्का करता येत नाही.

नव्या रकमेला मात्र नाव द्यावं लागतं, आणि ते देताना तीन गोष्टी पाहाव्यात. बिलावरच्या कुठल्याही ओळीशी ते मिळतंजुळतं नको. त्यात कामाचा उल्लेख हवा, कारण पुढच्या वर्षी रंगकामासाठीही 'विशेष वर्गणी' निघेल आणि मग दोन विशेष वर्गण्या होतील. आणि ते लहान हवं, नाहीतर दुसऱ्याच ओळीपासून लोक ते आपापल्या परीने तोडतील. 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठीची विशेष वर्गणी' हे नाव मेलमध्ये दोनदा लिहूनच हात दुखतो. 'गच्ची वर्गणी' पुरेसं आहे. ठरावात विशेष वर्गणी असं म्हटलं असेल तर पहिल्याच वाक्यात ते जोडून द्यायचं आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

माणसांच्या बाबतीत 'सभासद' हा उपविधींतला शब्द आहे आणि तो सदनिकेच्या आणि दुकानाच्या मालकांना सारखाच लागू होतो. 'रहिवासी' म्हटलं की भाडेकरू आले, ज्यांच्यावर या वर्गणीचा भार नाही. 'सदस्य' हा शब्द समितीच्या सदस्यांसाठी राखून ठेवला तर 'सदस्यांनी मंगळवारी ऑफिसमध्ये जमावे' अशा वाक्याने पन्नास माणसं गोळा होत नाहीत. 'गाळा' मात्र या इमारतीत वापरूच नये. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ काहीही असो, खाली दुकानं असलेल्या इमारतीत गाळा म्हणजे दुकान. एकाच सभासदाच्या दोन सदनिका असतील तर वर्गणी दोनदा लागते, म्हणून आकारणी सांगताना 'प्रत्येक सदनिकेमागे आणि प्रत्येक दुकानामागे' असं पूर्ण लिहायचं. लांब होतं, पण दुसरा मार्ग नाही.

तोच मेल आता असा होतो:

> विषय: गच्ची वर्गणी – 12,000 रुपये, पहिला हप्ता 15 डिसेंबरपर्यंत
>
> सर्व सभासदांना नमस्कार. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी विशेष वर्गणी घेण्याचा ठराव वार्षिक सभेत झाला. या मेलमध्ये तिला 'गच्ची वर्गणी' म्हटले आहे.
>
> काम फेब्रुवारीत सुरू होईल. ठेकेदाराला एकूण 7,20,000 रुपये द्यायचे आहेत. त्यातील 2,40,000 रुपये सोसायटीकडे जमा असलेल्या दुरुस्ती निधीतून दिले जातील. उरलेले 4,80,000 रुपये गच्ची वर्गणीतून उभे करायचे आहेत.
>
> गच्ची वर्गणी प्रत्येक सदनिकेमागे आणि प्रत्येक दुकानामागे 12,000 रुपये आहे. मासिक बिलात दरमहा भरला जाणारा दुरुस्ती निधी वेगळा असून तो पूर्वीप्रमाणेच चालू राहील. दुरुस्ती निधी नियमित भरणाऱ्या सभासदांनाही गच्ची वर्गणी भरायची आहे.
>
> गच्ची वर्गणी 4,000 रुपयांच्या तीन हप्त्यांत भरावी: 15 डिसेंबर, 15 जानेवारी आणि 15 फेब्रुवारी. मासिक बिलाच्या पैशांत गच्ची वर्गणी मिसळू नये, दोन्ही वेगवेगळे पाठवावेत. गच्ची वर्गणी पाठवताना शेऱ्यात खालीलप्रमाणे लिहावे.

आणि त्याखाली शेरा जसाच्या तसा द्यायचा. बँकांच्या शेऱ्याच्या रकान्यात देवनागरी किंवा विरामचिन्हं चालतीलच असा भरवसा नसतो, म्हणून रोमन अक्षरं आणि आकडेच ठेवायचे:

```
GACHCHI A304 HAPTA1
```

मेल लांब झाला हे खरं. 'दुरुस्ती निधी वेगळा' असं सांगणारी दोन वाक्यं आधी नव्हतीच. पण वाचकाच्या मनात शेजारची गोष्ट येणारच असेल, तर तिचं नाव घेऊन दोन्ही वेगळ्या आहेत हे सांगायलाच हवं. नुसतं स्वतःचं नाव कायम ठेवून भागत नाही. व्याजाचं वाक्य मी मुद्दाम काढलं. मासिक बिलाच्या थकबाकीवरचं व्याज गच्ची वर्गणीला लावायचं असेल तर ते सभेने ठरवलेलं असायला हवं, आणि ठराव हाताशी नसताना 'नेहमीप्रमाणे' म्हणणं धोक्याचं.

पाठवण्याआधीची तपासणी

मराठीत एक सोय आहे, ती वापरावी. वर्गणी 'ती', निधी 'तो', शुल्क 'ते'. नाव बदललं की क्रियापद आणि सर्वनामही बदलतं. त्यामुळे नावांकडे न बघता फक्त वाक्यांचे शेवट वाचत जा: द्यायची आहे, भरता येईल, भरावा, लागेल. एकाच गोष्टीबद्दल बोलताना 'भरावी' वरून 'भरावा' आणि तिथून 'भरावे' असा प्रवास दिसला तर मध्ये कुठेतरी नाव बदललंय. घाईत हीच तपासणी सगळ्यात पटकन होते.

ही तपासणी दोन ठिकाणी फसते. हप्ता आणि निधी दोन्ही 'तो', त्यामुळे 'तो वेळेत भरावा' हे वाक्य कुणाचं, ते शेवटावरून कळत नाही. अशा जागी सर्वनाम काढून नावच पुन्हा लिहायचं. दुसरी जागा म्हणजे 'रक्कम'. ती स्त्रीलिंगी असल्यामुळे वर्गणीच्या जागी बेमालूम बसते, आणि 7,20,000, 12,000, 4,000 यांपैकी काहीही असू शकते. मी तर मेलमध्ये 'रक्कम' शोधतो आणि जिथे ती सापडेल तिथे आकडा किंवा नाव घालतो.

शोधण्याचं म्हणाल तर संगणकावर Ctrl+F आहेच, पण मराठीत त्याचा वापर डोळसपणे करावा लागतो. 'हप्ता' शोधला तर 'हप्त्याची', 'हप्ते', 'हप्त्यांत' सापडत नाहीत, कारण अनेकवचन झालं किंवा विभक्ती लागली की मूळ शब्दाची अक्षरंच बदलतात. 'टाकी' आणि 'टाक्या' यांचंही तसंच. 'हप्त' एवढाच तुकडा शोधून सगळी रूपं सापडतात का ते आपल्या संगणकावर एकदा करून बघा. सगळे प्रोग्रॅम अर्ध्या शब्दाला दाद देत नाहीत. सापडत नसतील तर प्रत्येक रूप वेगळं शोधा. शिवाय मेंटेनन्स, मेन्टेनन्स, मेंटेनंस असं तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. दुरुस्ती आणि दुरूस्ती हेही संगणकाला दोन शब्द. म्हणून नाव निवडतानाच असं निवडलेलं बरं, जे विभक्ती लागली तरी फारसं हलत नाही. 'वर्गणी' या बाबतीत चांगली आहे: वर्गणीची, वर्गणीत, वर्गणीसाठी, सगळीकडे मूळ शब्द शाबूत राहतो.

याच कारणासाठी विषयाच्या ओळीत नाव विभक्ती न लावता लिहायचं. 'गच्ची वर्गणीबाबत' लिहिलं आणि सभासदाने दोन महिन्यांनी जीमेलमध्ये 'गच्ची वर्गणी' शोधलं, तर तो मेल हाती लागेलच असं नाही, कारण जीमेल शब्दाच्या तुकड्यावरून शोधत नाही. 'गच्ची वर्गणी – 12,000 रुपये' असा विषय असला की सापडतो.

मेल बरोबर गेला, तरी पुन्हा गोंधळ झाला तर

मग उत्तरांच्या साखळीत बघा. सभासद उत्तर देताना त्याला सुचेल तो शब्द लिहितो: "वॉटरप्रूफिंग चार्जेस कधीपर्यंत?" सेक्रेटरी सभ्यपणे त्याच्याच शब्दात उत्तर देतो: "चार्जेस 15 तारखेपर्यंत." सगळ्यांना गेलेल्या त्या उत्तरातून नवं नाव जन्माला आलं. समोरच्याचा शब्द दुरुस्त करण्याची गरज नाही, तसं केलं तर त्याला टोचेल. उत्तरात फक्त आपलं नाव वापरायचं: "गच्ची वर्गणीचा पहिला हप्ता 15 डिसेंबरपर्यंत आहे." दोन-तीन उत्तरांनंतर इतर जणही तेच नाव वापरायला लागतात.

दुसरी शक्यता म्हणजे मेल एक नाव सांगतो आणि पावती दुसरं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खात्याचं नाव 'इतर जमा' असेल आणि पावतीवर तेच छापून आलं, तर सभासदाला वाटणार की पैसे दुसरीकडे गेले. म्हणून मेल पाठवण्याच्या आदल्या दिवशी हिशेबनिसाकडून 'गच्ची वर्गणी' या नावाचं खातं उघडून घ्यायचं आणि एक नमुना पावती काढून बघायची. नोटीस बोर्डावरचा कागदही त्याच मेलची प्रत असावी. कुणीतरी वेगळा मसुदा करून लावला की पुन्हा 'गाळाधारक' परत येतात.

आणि नाव आधीच चुकीचं गेलं असेल, मेल दोन महिने फिरलेला असेल, तर? गुपचूप नवं नाव सुरू करणं सगळ्यात वाईट, कारण जुना मेल लोकांकडे आहे आणि आता आणखी एक नाव आलं. एक छोटा वेगळा मेल पाठवायचा: '3 नोव्हेंबरच्या मेलमध्ये ज्या 12,000 रुपयांना विशेष वर्गणी, दुरुस्ती निधी व कॉन्ट्रिब्युशन म्हटले होते, ती एकच वर्गणी आहे. यापुढे तिला गच्ची वर्गणी म्हटले जाईल. मासिक बिलातील दुरुस्ती निधीशी तिचा संबंध नाही.' त्यात दुसरा कोणताही विषय घालायचा नाही. ज्यांनी 'मेंटेनन्स' शेऱ्याखाली पैसे पाठवले आहेत त्यांची यादी हिशेबनिसाकडून घेऊन, पैसे कुठे वळते केले ते प्रत्येकाला स्वतंत्र कळवायचं. हे काम किचकट आहे, पण ते थकबाकीची यादी निघण्याआधी व्हायला हवं.